पंचाहत्तर गुणांची मराठी

दरवर्षी पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या स्पर्धा परीक्षा केंद्रातली दोन-चार मुले मराठी विभागाच्या दारात येऊन उभी राहतात. एरवी ती आमच्याकडे फिरकत नाहीत. त्यांचे दिवस राज्यशास्त्र, भूगोल आणि अर्थव्यवस्था ह्यांत गेलेले असतात. मुख्य परीक्षेला दोन-अडीच महिने उरले की त्यांना एका पेपरची आठवण होते, आणि बोलण्याची सुरुवात बहुधा एकाच प्रश्नाने होते : "सर, ह्याचे गुण धरत नाहीत ना?" धरत नाहीत, असे मी सांगतो. मग दुसरा प्रश्न येतो : "पण पास व्हावं लागतं ना?" व्हावे लागते. ह्या दोन उत्तरांमधल्या जागेत जी मराठी शिकवली आणि लिहिली जाते तिच्याबद्दल हे टिपण आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत एकूण नऊ पेपर असतात. त्यांपैकी निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. त्यांची बेरीज १७५०, मुलाखतीचे २७५, आणि ह्या २०२५ गुणांवर गुणवत्ता यादी लागते. उरलेले दोन पेपर म्हणजे 'पेपर ए', संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भारतीय भाषा, आणि 'पेपर बी', इंग्रजी. हे प्रत्येकी ३०० गुणांचे. कागदावर पाहिले तर परीक्षेतला सर्वांत जास्त गुणांचा पेपर मराठीचा आहे! परंतु हे गुण कोणत्याही बेरजेत जात नाहीत. दोन्ही पेपरांत किमान २५ टक्के, म्हणजे पंचाहत्तर गुण मिळवायचे, एवढीच अट. पंचाहत्तर मिळवणारा आणि दोनशे पंचाहत्तर मिळवणारा हे दोघे आयोगाच्या लेखी अगदी सारखे. चौऱ्याहत्तरवाला मात्र बाद.

तो कसा बाद होतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. भाषेचे पेपर आधी तपासायचे आणि त्यांत उत्तीर्ण झालेल्यांच्याच बाकी उत्तरपत्रिका हाती घ्यायच्या, अशी पद्धत नाही. नियमानुसार सगळ्या उत्तरपत्रिका एकाच वेळी तपासल्या जातात. भाषेत उंबरठा न ओलांडणाऱ्याच्या उरलेल्या सात पेपरांची दखल मात्र घेतली जात नाही. म्हणजे त्याने सामान्य अध्ययनाचे चार पेपर कितीही उत्तम लिहिले असोत, कोणा परीक्षकाने ते वाचले असोत, त्यांवर गुणही दिले असोत; निकालापुरते ते लिहिलेच गेले नाहीत असे समजायचे. शून्य वजनाची गोष्ट सतराशे पन्नास वजनाच्या गोष्टीला पूर्णपणे रद्द करू शकते. मूल्यमापनाच्या शास्त्रात अशा घटकाला 'अर्हताकारी' म्हणतात. मुले त्याला सरळ 'कंपल्सरी मराठी' म्हणतात, आणि 'कंपल्सरी' हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर लसीकरणाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा भाव असतो.

ह्या पेपराची पातळी दहावीची ठरवलेली आहे, आणि गेली काही वर्षे त्याचा आराखडाही स्थिर आहे. चार विषयांपैकी एकावर सुमारे सहाशे शब्दांचा निबंध, १०० गुण. एक उतारा वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे, ६० गुण. आणखी एका उताऱ्याचा मूळच्या एक तृतीयांश शब्दांत आणि स्वतःच्या भाषेत सारांश, ६० गुण. इंग्रजी उताऱ्याचा मराठी अनुवाद २० गुण आणि मराठीचा इंग्रजी अनुवाद २० गुण. उरलेले ४० व्याकरण, वाक्प्रचार, शब्दसंपदा ह्यांचे. वेळ तीन तास. दहावीला बरी मराठी असलेल्या मुलाने ह्यात पंचाहत्तर मिळवू नयेत हे मुळातच अशक्य वाटते. मलाही प्रारंभी वाटत असे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका मुलाच्या उत्तरपत्रिकांनी माझा हा समज मोडला. घरची भाषा मराठी, शिक्षण इंग्रजी माध्यमात, पुढे अभियांत्रिकीची पदवी. दहावीनंतरच्या सात-आठ वर्षांत त्याने मराठीत सलग एक पानही लिहिलेले नव्हते. बोलणे चांगले, वाचणेही वाईट नाही. वर्तमानपत्र रोज वाचत असे. त्याला मी पहिला सराव पेपर आयोगाच्या आराखड्याप्रमाणे घड्याळ लावून दिला. त्याने प्रश्नपत्रिकेच्या क्रमाने लिहायला सुरुवात केली, म्हणजे निबंधापासून. निबंध संपला तेव्हा एक तास पंचेचाळीस मिनिटे गेली होती. मग आकलनाच्या बारा प्रश्नांपैकी सात झाले. सारांशात त्याने उताऱ्याची पहिली काही वाक्ये जशीच्या तशी उतरवली आणि उत्तरार्धापर्यंत तो पोचलाच नाही. इंग्रजीवरून मराठी अनुवादाच्या चार ओळी झाल्या आणि वेळ संपली. मराठीवरून इंग्रजी अनुवाद, जो त्याला सर्वांत सोपा गेला असता, कोरा. व्याकरण कोरे.

मी शक्य तितक्या उदार हाताने तपासले. निबंधाला ३४, आकलनाला २१, सारांशाला ७, अनुवादाला ४. बेरीज ६६. नऊ गुणांनी अनुत्तीर्ण.

मराठी येणारा मुलगा मराठीत का नापास झाला, हे शोधायला मी त्याच्या लिहिण्याचा वेग मोजला. देवनागरीत तो मिनिटाला साधारण सात शब्द लिहीत होता. आता ह्या पेपरात एकूण किती लिहायचे असते? निबंध सहाशे शब्द, आकलनाच्या बारा उत्तरांचे मिळून तीनशेच्या आसपास, सारांश दीडशे, दोन्ही अनुवाद आणि व्याकरण मिळून दोनशे. म्हणजे साडेबाराशे शब्द. मिनिटाला सात ह्या गतीने त्यांना पावणेतीन तासांहून अधिक वेळ, आणि ह्यात उतारे वाचणे नाही, विचार करणे नाही, खोडणे नाही. ज्याला जोडाक्षर लिहिताना थांबावे लागते, 'वैशिष्ट्य' लिहून झाल्यावर ते बरोबर दिसते का म्हणून पुन्हा पाहावे लागते, त्याच्यासाठी हा पेपर मराठीचा राहत नाही, हस्तव्यायामाचा होतो. अशी मुले ओळखायची एक सोपी खूण आहे : पहिल्या पानावरचे अक्षर गोल आणि मोठे असते, पाचव्या पानावर शिरोरेघा नाहीशा होतात, आणि नवव्या पानावर काना-मात्राही.

मी त्याला व्याकरणाचे एकही पुस्तक दिले नाही. रोज तासभर वर्तमानपत्राचा अग्रलेख हाताने उतरवून काढायचा आणि त्याचे तिसऱ्या हिश्श्यात रूपांतर करायचे, एवढेच सांगितले. सोडवण्याचा क्रम उलटा केला : आधी व्याकरण, मग अनुवाद, मग आकलन, मग सारांश आणि निबंध शेवटी, तासाभराच्या बंदिस्त वेळेत. पाच आठवड्यांनी दुसरा सराव पेपर घेतला. व्याकरण १४, अनुवाद ७ आणि ११, आकलन ३३, सारांश १८, निबंध ३१. बेरीज ११४. निबंधाचे गुण कमी झाले, कारण आता तो आटोपशीर आणि अधिक कोरडा होता. बाकी सगळे वाढले. पुढे प्रत्यक्ष परीक्षेतही तो ह्या पेपरात पार झाला.

एक मराठीचा शिक्षक म्हणून मला ह्यातून जे सांगावेसे वाटते ते असे की ६६ पासून ११४ पर्यंतच्या प्रवासात त्या मुलाची मराठी जवळजवळ मुळीच सुधारली नाही. त्याचा हात सुटला आणि त्याला क्रम कळला. ज्या परीक्षेत अनुत्तीर्ण आणि आरामात उत्तीर्ण ह्यांच्यामधले अंतर भाषा न शिकता कापता येते, ती परीक्षा नेमके काय तपासते?

माझ्या व्यवसायबंधूंचे ह्यावरचे उत्तर ठरलेले आहे : गुण धरा, म्हणजे मुले अभ्यास करतील. चर्चासत्रांतून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, आणि तरुणपणी इतक्यांदा उच्चारले आहे, की त्याविरुद्ध लिहिताना थोडा संकोच होतो. पण केंद्रीय परीक्षेपुरते तरी हे उत्तर चुकीचे आहे असे माझे मत आता झाले आहे, आणि त्याची कारणे भाषाप्रेमाइतकी हळवी नसली तरी पक्की आहेत.

आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. 'पेपर ए' ह्या एकाच नावाखाली प्रत्यक्षात बावीस वेगवेगळे पेपर असतात, वेगवेगळ्या लोकांनी काढलेले आणि वेगवेगळ्या लोकांनी तपासलेले. एका भाषेत हजारो उत्तरपत्रिका असतील, तर दुसरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मराठीतल्या निबंधाचे ५५ आणि संथाळीतल्या निबंधाचे ५५ ह्यांची तुलना करणारा, दोन्ही भाषा सारख्या जाणणारा परीक्षक आणायचा कुठून? जिथे पाच-सात गुणांनी सेवा बदलते आणि राज्य बदलते, तिथे असे अतुलनीय गुण बेरजेत घालणे म्हणजे नशिबाला शंभर-दोनशे गुणांचा वाटा देणे होय. त्याउलट, 'ह्या उमेदवाराला ही भाषा दहावीइतकी लिहिता-वाचता येते काय?' ह्या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर बावीस भाषांतले बावीस परीक्षक स्वतंत्रपणे देऊ शकतात. प्रश्नच तुलनेचा नाही. गुण न धरणे हे इथे भाषेचे अवमूल्यन नसून मोजमापाच्या मर्यादेची प्रामाणिक कबुली आहे.

दुसरे कारण सवलतींचे. अरुणाचल प्रदेश, मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड आणि सिक्कीम ह्या राज्यांतल्या उमेदवारांना पेपर ए सक्तीचा नाही. मिझो किंवा खासी ह्या भाषा अनुसूचीतच नाहीत. त्या मुलांनी कोणती भाषा लिहायची? श्रवणदोष असलेल्या आणि शाळेतच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळालेल्या उमेदवारांनाही तशीच मुभा आहे. ही सूट देता येते ती केवळ ह्यासाठी की पेपराला वजन नाही. बेरजेतल्या पेपरातून कोणाला वगळायचे म्हटले तर त्याच्या बदल्यात काय धरायचे, हा न सुटणारा प्रश्न उभा राहतो. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यायचे तर गोव्याचे घेता येईल. आयोगाच्या यादीत कोकणीसमोर लिपी म्हणून देवनागरी आहे. रोमी लिपीत कोकणी वाचत-लिहीत वाढलेल्या मुलाला कोकणी निवडली तर पंचाहत्तर गुणांपुरती देवनागरी साधावी लागते. हे त्याला कष्टाचे आहे, पण साधण्यासारखे आहे. तेच गुण यादीत धरले असते तर मातृभाषेच्या पेपरात तो लिपीमुळे कायमचा मागे राहिला असता.

आणि तिसरे कारण इतिहासाचे. वाचकांपैकी अनेकांना २०१३ चा मार्च आठवत असेल. डॉ. दौलतसिंह कोठारी समितीच्या १९७६ च्या अहवालानंतर, १९७९ पासून, भारतीय भाषा आणि इंग्रजी हे दोन्ही पेपर बरोबरीने अर्हताकारी म्हणून चालत आले होते. २०१३ च्या मार्चच्या सुरुवातीला निघालेल्या अधिसूचनेत ही जोडी फोडली गेली. भारतीय भाषेचा पेपर वगळण्यात आला, आणि इंग्रजीचे आकलन व सारांशलेखन १०० गुणांसाठी निबंधाच्या पेपराला जोडून थेट बेरजेत आणण्यात आले. प्रादेशिक भाषांच्या माध्यमातून परीक्षा देण्यावरही नव्या अटी आल्या. संसदेत गदारोळ झाला, महाराष्ट्रातूनही तीव्र विरोध झाला, काही दिवसांतच अंमलबजावणी थांबवली गेली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुधारित अधिसूचनेने दोन्ही पेपर पूर्ववत अर्हताकारी झाले.

त्या पंधरा-वीस दिवसांत जे स्पष्ट झाले ते हे : भाषेला वजन द्यायचे म्हटले की ते कोणत्या भाषेला द्यायचे हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर बावीस भाषांच्या देशात, प्रशासकीय सोयीच्या नावाखाली, इंग्रजी असेच निघते. दोन्ही बाजूंना शून्य आहे तोवर मराठी आणि इंग्रजी एका रांगेत आहेत. गडचिरोलीहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीचे पंचाहत्तर मिळवताना जो घाम फुटतो, तोच पुण्याच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाला मराठीचे पंचाहत्तर मिळवताना फुटतो. ही समता क्षुल्लक नाही. मराठीच्या शून्याकडे मी तेव्हापासून थोड्या आदराने पाहू लागलो.

शिवाय ह्या पेपराचा हेतू मराठी मुलखात काम करण्याची तयारी तपासणे हा नाहीच. मराठीत पेपर ए पार केलेला उमेदवार तामिळनाडूत जाईल आणि तेलुगूत पार केलेली उमेदवार आपल्या जिल्ह्यात येईल. नेमून दिलेल्या राज्याची भाषा त्यांना पुढे प्रशिक्षणाच्या काळात शिकावी लागते आणि तिचीही परीक्षा असते. पेपर ए एवढेच विचारतो की हा मनुष्य ह्या देशातल्या एका तरी भाषेत साक्षर आहे ना. प्रश्न छोटा आहे, म्हणून उंबरठाही ठेंगणा आहे. त्याबद्दल तक्रार करावी असे मला वाटत नाही.

अर्थात, अर्हताकारी म्हणजे निरुपद्रवी असे समजण्याचे कारण नाही. पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर, मुले ज्याला 'सी-सॅट' म्हणतात, तो २०११ मध्ये आला तेव्हा त्याचे गुण धरले जात. इंग्रजी माध्यमाच्या आणि अभियांत्रिकीच्या मुलांना त्याचा फायदा होतो म्हणून २०१४ मध्ये दिल्लीत आंदोलन झाले आणि २०१५ पासून तो ३३ टक्क्यांवर अर्हताकारी करण्यात आला. आता तो गौण झाला असे सर्वांना वाटले. पण टक्के स्थिर आणि काठिण्य मात्र दर वर्षी वेगळे. २०२३ चा पेपर इतका अवघड निघाला की उंबरठा ३३ वरून २३ टक्क्यांवर आणावा म्हणून उमेदवार न्यायाधिकरणाकडे गेले. कागदोपत्री ज्याला वजन नव्हते त्याच पेपराने त्या वर्षी असंख्य मुलांचा निकाल ठरवला. पेपर ए असा वागत नाही, कारण त्याची पातळी वर्षानुवर्षे जवळजवळ तीच आहे.

इथवर जे लिहिले ते केंद्रीय आयोगाविषयी. माझी खरी तक्रार घराजवळची आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत अगदी अलीकडेपर्यंत भाषेचे गुण धरले जात होते. सहा पेपर, एकूण ८०० गुण. त्यांतले २०० भाषेचे : शंभर गुणांचा मराठी-इंग्रजीचा लेखी पेपर, ज्यात निबंध, अनुवाद, सारांश असे, आणि शंभर गुणांचा वस्तुनिष्ठ पेपर. म्हणजे एकूण गुणांचा चौथा हिस्सा. नवी वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून येणार होती. पुण्यात मुलांनी रस्त्यावर येऊन मुदत मागितल्यावर ती २०२५ च्या परीक्षेपासून लागू करण्याचे ठरले. ह्या नव्या पद्धतीत नऊ पेपर आहेत, १७५० गुण आहेत, मुलाखतीचे २७५ आहेत. आकडे ओळखीचे वाटले असतील. मराठीचा पेपर ३०० गुणांचा, इंग्रजीचा ३०० गुणांचा, दोन्ही अर्हताकारी, किमान २५ टक्के. केंद्रीय आयोगाचा साचा जसाच्या तसा उचलला आहे.

रस्त्यावर आलेल्या मुलांचा मुद्दा तयारीच्या वेळेचा होता, आणि तो रास्त होता. भाषेचा चौथा हिस्सा एका फटक्यात शून्यावर आला ह्याबद्दल मात्र, मराठीच्या प्राध्यापकांसह, फारसे कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही.

केंद्रात शून्य का हवे ह्याची जी कारणे मी वर दिली, त्यांतले एकही इथे लागू पडत नाही. इथे बावीस भाषा नाहीत. सगळे उमेदवार एकच मराठी पेपर लिहिणार आहेत, तेव्हा तुलनेची अडचण नाही. इथे उत्तीर्ण होणारी तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी दुसऱ्या राज्यात जाणार नाही; १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ज्या राज्याचा कारभार मराठीत चालवायचे ठरवले त्याच राज्यात ती आयुष्यभर नोकरी करणार आहे. तिचे आदेश, नोटिसा, पंचनाम्यांवरचे शेरे, सुनावणीनंतरचे निकाल हे सगळे मराठीत असणार आहेत. आणि तिच्याकडून आपण मागतो काय, तर दहावीच्या पातळीचे पंचवीस टक्के. शाळेत तेवढ्यावर कोणी वर ढकलत नाही!

ह्यावर जुनी वजनदार पद्धत परत आणा असे म्हणणे सोपे आहे, पण त्यातही एक काटा आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाची घरची भाषा मराठी नाही. गोंडी, कोरकू, भिल्ली बोलत वाढलेल्या मुलांसाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली दुसरी भाषा आहे, आणि तिच्या निबंधाला भरघोस गुण ठेवले तर सदाशिव पेठेतल्या मुलाला आयतीच आघाडी मिळते. मी तपासलेल्या निबंधांतही हे दिसते. निबंधाचे गुण भाषेइतकेच घरातल्या पुस्तकांना आणि कानांवर पडलेल्या भाषणांना मिळत असतात. म्हणून गुण बेरजेत धरण्याचा आग्रह मी राज्यातही धरणार नाही. माझा आक्षेप शून्याला नाही, उंबरठ्याच्या बांधणीला आहे.

तीनशेपैकी कुठलेही पंचाहत्तर चालतात, हा ह्या रचनेतला खरा दोष. केंद्राच्या आराखड्याने हिशेब करू. निबंधाचे ३१ आणि आकलनाचे ३३ झाले की चौसष्ट होतात. व्याकरणाच्या चाळिसांतले अकरा मिळाले की काम झाले. सारांशाला आणि अनुवादाला हात लावायची गरजच नाही. खासगी मार्गदर्शनवर्गांत नेमके हेच शिकवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, मीही थोड्याफार फरकाने तेच शिकवले. पण अधिकाऱ्याच्या टेबलावर निबंध कधी येत नाही. तिथे येतो तो चाळीस पानी प्रस्ताव, ज्याचा अर्ध्या पानात गोषवारा करून वर पाठवायचा असतो. आणि दिल्लीहून आलेले इंग्रजी परिपत्रक, जे ग्रामसेवकाला कळेल अशा मराठीत खाली पाठवायचे असते. म्हणजे जे दोन प्रश्न टाळून उत्तीर्ण होता येते तेच दोन प्रश्न त्या खुर्चीचे काम आहे.

वर ज्या मुलाचे उदाहरण दिले त्याच्या अनुवादातले एक वाक्य मी टिपून ठेवले आहे. पाणीवाटपावरच्या इंग्रजी उताऱ्याचे त्याने असे मराठी केले होते : 'समिती ह्या मताची होती की पाण्याचे वाटप जे पूर्वी केले गेले होते ते न्याय्य नव्हते.' ह्यात शुद्धलेखनाची चूक नाही, शब्दही सगळे मराठी आहेत. परीक्षक वीसपैकी सात देऊन पुढे जाईल. 'पाण्याचे आधीचे वाटप न्याय्य नव्हते, असे समितीचे मत होते' हे त्याच्या डोक्यात का आले नाही? त्याची आजी असेच बोलत असणार. पण इंग्रजी वाक्य समोर ठेवले की त्याचा सांगाडा उचलून त्यावर मराठी शब्द लटकवायचे, ह्यापलीकडे अनुवाद म्हणून काही असते हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. वीस गुणांसाठी आणि तेही न धरल्या जाणाऱ्या, कोण दाखवणार? सरकारी मराठीला आपण 'बोजड' म्हणून नावे ठेवतो आणि दोष संस्कृत शब्दांना देतो. माझ्या अनुभवात बोजडपणा शब्दांत कमी आणि अशा वाक्यांच्या सांगाड्यांत जास्त असतो.

तेव्हा सूचना साधी आहे. राज्यसेवेतला मराठीचा पेपर अर्हताकारीच राहू द्यावा, एकूण पंचवीस टक्क्यांची अटही हवी तर राहू द्यावी. मात्र सारांश आणि इंग्रजीवरून मराठी अनुवाद ह्या दोन घटकांत स्वतंत्रपणे किमान चाळीस टक्के सक्तीचे करावेत, आणि अनुवादाचा उतारा परिपत्रकाच्या किंवा नोटिशीच्या भाषेतला असावा. ह्याने कोणाच्या क्रमवारीत एका गुणाचाही फरक पडणार नाही. गोंडी बोलणाऱ्या मुलीला आणि सदाशिव पेठेतल्या मुलाला परिपत्रकाची भाषा सारखीच परकी आहे. दोघांनाही ती सारख्याच कष्टाने शिकावी लागेल. ह्यातली अडचण मला दिसते ती तपासणीची. वीस गुणांच्या अनुवादात आठ आणि सात ह्यांच्यामध्ये एखाद्याचे वर्ष जाणार असेल, तर सीमेवरच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घ्याव्या लागतील आणि अनुवादाचे गुणही वीसवरून चाळीस-पन्नासपर्यंत वाढवावे लागतील. निबंध शंभराचा पन्नास केला तर ते जमण्यासारखे आहे.

विभागातल्या सहकाऱ्यांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "म्हणजे निबंध कमी करायचा? मराठीचा माणूस असून?" मी हो म्हटले. पुढच्या रविवारी नव्या मुलांचा पहिला सराव पेपर आहे. त्यात निबंध पन्नास गुणांचाच ठेवला आहे, आणि अनुवादाला तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या भूसंपादनाची इंग्रजी सूचना.